‘बाबा मदत करतात का?’ – या प्रश्नावलीवरून

ओंकार (टीवाय): प्रोजेक्टसाठी वर्गात फॉर्म वाटले. ‘बाबा घरकामात मदत करतात का?’ याला जवळजवळ सगळ्यांनी ‘हो’ लिहिलं. मग समानता आली नाही, हे रडगाणं कशासाठी?

मास्तरीण: ‘मदत’ लिहिलंस तिथेच उत्तर ठरलं. काम आईचं, बाबा नुसते हात लावणारे. दिवाळीला पंखे पुसणारा बापही तुझ्या ‘हो’मध्ये बसतो. त्यापेक्षा ‘काल पहाटे ४ पासून आज पहाटे ४ पर्यंत काय काय केलं’ असं अर्ध्या अर्ध्या तासाने विचार. सरकारी वेळ-वापर सर्वेक्षण तसंच होतं. आणि विचार आईलाच. ती उठते तेव्हा तुम्ही घोरत असता.

रोखठोक: त्याच सर्वेक्षणात, २०१९ ला, पुरुषांचं घरकाम रोज ९७ मिनिटं निघालंय. नोकरी करून दीड तास! हे कुणी सांगत नाही.

मास्तरीण: पुढचं वाचा की. ९७ मिनिटं त्या दिवशी ज्यांनी घरकाम केलं त्यांचीच, आणि असे शंभरात २६. सगळ्या पुरुषांत वाटलीत तर जेमतेम २५ मिनिटं. बायकांची २९९, करणाऱ्या शंभरात ८१. वाटून २४३ मिनिटं, म्हणजे चार तास.

रोखठोक: मी दर रविवारी मंडईतून भाजी आणतो. ते धरलंय का त्यात?

मास्तरीण: धरलंय. बाजारहाटही घरकामातच येतो.

कुंदाकाकू: आणता खरे! आमचे हे मेथीच्या तीन जुड्या आणून ओट्यावर टाकतात आणि पेपर उघडतात. निवडते मी, मालिका बघत. अर्ध्या तासात काय लिहायचं, मेथी की मालिका?

रोखठोक: मालिकाच! करमणूक चालली होती ना?

कुंदाकाकू: मग आज रात्री रिमोट हातात घेऊन मेथी निवडा, आणि करमणूक झाली का ते सांगा.

मास्तरीण: काकूंचा मुद्दा खरा आहे. एका वेळी दोन-तीन कामं नोंदवता येतात, पण त्यातलं मुख्य कुठलं ते सांगणाऱ्यावर. मालिका म्हटलं की मेथी मागे पडते.

परदेशस्थ: इथे जर्मनीत बाई मिळत नाही, सगळं मीच करतो. कौतुक शून्य.

कुंदाकाकू: कौतुक कशाला हवंय? माझं कधी कुणी केलं?

रोखठोक: बरं, २५ तर २५. पुढच्या रविवारी निवडलेलीच मेथी आणतो, झालं समाधान? पण पैसे कमावणं हेही घरासाठीच असतं.

मास्तरीण: त्याचा रकाना वेगळा आहे. कमावत्या बायकांनाही दोन्ही रकाने भरावे लागतात.

ओंकार: आत्ता आईला विचारलं, काल दिवसभर काय केलंस? म्हणाली, ‘काही नाही रे, घरीच होते.’ आता हे कुठल्या रकान्यात?

मास्तरीण: असं नाही विचारायचं. ‘उठल्यावर पहिलं काय केलंस?’ म्हण. मग ‘त्यानंतर?’ आणि लिहायला मोठी वही घे.