मदत हवी आहे: 680 मायक्रोहेन्रीच्या कॉइलचा समांतर रोध 610 किलोओहम येतोय, पण बँडविड्थ जुळत नाही

गुंडाळी_455
455 किलोहर्ट्झच्या ट्यून्ड सर्किटचं गणित करतोय. फेराइट ड्रमवरची 680 मायक्रोहेन्रीची कॉइल, समांतर 180 पिकोफॅरड. तार 0.1 मिमी, मल्टिमीटरवर रोध 6.2 ओहम. गेन काढायला सोपं जावं म्हणून कॉइल आणि तिचा सिरीज रोध यांच्या जागी समांतर जोडी घेतली:

```
X  = 2*pi*f*L = 1944 ohm
Q  = X/Rs = 313
Rp = Rs*(1+Q^2) = 610 kohm
Lp = L*(1+1/Q^2) = 680 uH
```

म्हणजे बँडविड्थ दीड किलोहर्ट्झच्या आत हवी. प्रत्यक्षात जनरेटरचे 10 व्होल्ट पीक-टू-पीक 470 किलोओहममधून दिले, 10एक्स प्रोब लावला, तर शिखर 433 किलोहर्ट्झला, 2.4 व्होल्टचं. 1.7 व्होल्ट मिळतात ते 429.4 आणि 436.6 ला, म्हणजे बँडविड्थ 7.2 किलोहर्ट्झ. सूत्र चुकलंय का?

तारकस
सूत्र बरोबर आहे, क्यू दहाच्या वर असला की नुसतं Q²·Rs घेतलं तरी एक टक्क्याच्या आतच फरक पडतो. चूक 6.2 मध्ये आहे. तो डीसी रोध. या फ्रिक्वेन्सीला स्किन इफेक्टमुळे रोध पाचपट होतो, हिशोब संपला.

जुना_रेडिओ
6.2 ओहम इथे चालणार नाहीत हे तारकस यांचं म्हणणं खरं, पण हिशोब एवढ्यावर संपत नाही. 7.2 किलोहर्ट्झ ही एकट्या कॉइलची बँडविड्थ नव्हे. 470 किलोओहम आणि प्रोबचे 10 मेगओहम हे दोन्ही कॉइलला समांतरच बसतात. ते आधी बाजूला काढा.

433 ला 680 मायक्रोहेन्रीचा रिअ‍ॅक्टन्स 1850 ओहम. मोजलेला क्यू 433/7.2, म्हणजे 60. त्यावरून एकूण समांतर रोध 111 किलोओहम. 470 किलो आणि 10 मेग मिळून 449 किलो होतात. आता वजाबाकी रोधांची नाही, त्यांच्या व्यस्तांची:

```
1/Rp = 1/111 - 1/449   ->  Rp = 148 kohm
Q    = 148000/1850 = 80
Rs   = 148000/(1+80^2) = 23.1 ohm
```

पडताळा तुमच्याच शिखरात आहे. 10 पैकी 2.4 व्होल्ट उरायला 470 किलोच्या खाली 148 किलो लागतात आणि त्यातून प्रोब वजा केला की 150 च्या आसपास येतं. कॉइल खरोखर 610 किलोची असती तर स्कोपवर साडेपाच व्होल्ट दिसले असते.

शिखर खाली सरकलं तेही मुख्यतः प्रोबमुळे. 433 ला जुळायला एकूण 199 पिकोफॅरड लागतात. प्रोबचे साधारण 15 धरले तर उरलेले चारेक कॉइलच्या स्वतःच्या कपॅसिटन्सचे.

आणि पाचपट स्किन इफेक्ट मला पटत नाही. 433 किलोहर्ट्झला तांब्यात स्किन डेप्थ सुमारे 0.1 मिमी, म्हणजे तुमच्या तारेच्या व्यासाएवढीच. एवढ्या बारीक एकेरी तारेत त्याने रोध जेमतेम वाढतो. बाकीचं शेजारच्या वेढ्यांच्या क्षेत्रामुळे आणि फेराइटच्या लॉसमुळे.

तारकस
तारेचा व्यास बघितला नव्हता. तरी मला वेढ्यांचा वाटा जास्त वाटतो, फेराइटचा नाही.

जुना_रेडिओ
असेलही. या एका मोजणीतून ते वेगळं काढता येत नाही.

मीटर_घरी
माझाही असाच घोळ आहे. 680 ची कॉइल, एलसीआर मीटर 1 किलोहर्ट्झवर, समांतर मोड: 2.11 मिलिहेन्री आणि 9.1 ओहम. कॉइल चुकीची दिलीय का दुकानदाराने?

जुना_रेडिओ
तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण सूत्र हेच. समांतर मोडमध्ये क्यू म्हणजे रोध भागिले रिअ‍ॅक्टन्स. 2.11 मिलिहेन्रीचा 1 किलोहर्ट्झला रिअ‍ॅक्टन्स 13.3 ओहम, म्हणून क्यू 0.69. उलट फिरवलं की सिरीज रोध 9.1/1.47, म्हणजे 6.2 ओहम, आणि इंडक्टन्स 680 मायक्रोहेन्री. कॉइल ठीक आहे. मीटर सिरीज मोडला टाका. क्यू एकच्या खाली असला की Lp आणि L मध्ये एवढा फरक पडतोच.

म्हणूनच समांतर जोडी त्या एकाच फ्रिक्वेन्सीची असते. सिम्युलेशनमध्ये 1 किलोहर्ट्झपासून स्वीप करायचा असेल तर सिरीज मॉडेलच ठेवा. समांतर जोडी डीसीला शून्य ओहम दाखवेल आणि ट्रान्झिस्टरचा बायस थोडा चुकेल. शिखराच्या दोन्ही बाजूंना दहा-वीस किलोहर्ट्झपर्यंत मात्र ती खुशाल वापरा.

गुंडाळी_455
म्हणजे 455 साठी 23 ओहमच धरून 160 च्या आसपास किलोओहम घेऊ?

जुना_रेडिओ
अंदाजाला चालेल, पण 455 ला लॉस किंचित वाढलेला असेल, त्यामुळे आकडा त्याहून थोडा खाली येईल. पक्का हवा तर 180 काढून 150 आणि वर 20 चा ट्रिमर लावा, प्रोब जोडलेला असतानाच शिखर 455 ला आणा आणि बँडविड्थ पुन्हा मोजा. 470 किलोच्या जागी 1 मेग लावलात तर वजाबाकीतली चूक कमी होईल, फक्त शिखर दीड व्होल्टच्या खाली जाईल.

गुंडाळी_455
ट्रिमर उद्या मिळेल. आकडे इथेच टाकतो.