मदत हवी आहे: लोहगडच्या फोटोला कॅप्शन सुचवा

मंडळी, सोलापूरहून एकटाच लोहगडला जाऊन आलो. फोटो विंचूकाट्यावरचा आहे. धुकं इतकं की खालचं पवना धरण गायब. दिसतेय फक्त ओली तटबंदी आणि वाऱ्याने फुगलेल्या रेनकोटातला पाठमोरा मी.

गंभीर कॅप्शन सुचलं ते असं: 'समोर काही दिसेना, म्हणून जरा स्वतःकडे पाहिलं.' जरा जास्तच होतंय ना? गमतीचं: 'सोलापूरकराने वर्षभराचा पाऊस एका दुपारीत उरकला.' मला हेच आवडतंय, पण फोटोत चेहराच नाही, मग विनोद पोचेल का?

इन्स्टाग्रामवर सुरुवातीचंच तेवढं दिसतं, त्यामुळे एका ओळीतलं हवं. 'सह्याद्री' आणि 'भटकंती' सोडून काहीही सुचवा. शेंगा चटणीवरचंही चालेल, डबा सोबत होताच.