चेहरा लाल झालाय, कुणी सांगेल का?

वैशाली (बी-३०२): रश्मी, राग मानू नकोस, पण तू सांगितलेल्या रेटिनॉलने चेहरा लालबुंद झालाय. आज नुसतं पाणी मारलं तरी चुरचुरलं.

रश्मी (ए-१०४): वैशालीताई, मी ०.३ टक्क्यांचं आणि आठवड्यातून दोनच रात्री म्हटलं होतं. मेसेज वर आहे.

वैशाली: मी १ टक्क्याचं आणलं. सुरकुत्या लवकर जाव्यात म्हणून रोज लावलं.

कुलकर्णी काका (सी-२०१): सनस्क्रीन लावता का?

नितीन (बी-४०१): चेहरा वर उचलायचं नंतर बघू, आधी बी विंगची लिफ्ट वर न्या 😄 दोन दिवस बंद आहे.

सेक्रेटरी: नितीनजी, मेकॅनिक उद्या येतोय हे सकाळीच टाकलंय. वाचायची तसदी घ्यावी 🙏

डॉ. अनघा (डी-५०२): वैशाली, सकाळी काय लावतेस?

वैशाली: ग्लायकोलिक ॲसिडचं सीरम. चेहरा फार निस्तेज दिसतो हो.

डॉ. अनघा: तिथेच गडबड झाली. सुरुवातीला थोडी सालं निघतात, ते चालतं. पण साधं पाणी झोंबलं की त्वचेचा वरचा थर दुखावलाय असं समजायचं. दोन्ही बंद कर. सौम्य क्लेन्झर आणि बिनसुगंधी मॉइश्चरायझर, बाकी काही नको. चुरचुर पूर्ण थांबायला दोन-चार आठवडे लागतील. नाही थांबली तर दाखवायला ये.

कुलकर्णी काका: सनस्क्रीनचं विचारलं होतं.

वैशाली: काका, मी दिवसभर घरातच असते. खिडकीशी लॅपटॉप घेऊन.

डॉ. अनघा: काकांचा प्रश्न योग्य आहे. त्वचा घट्ट ठेवणारं कोलेजन तोडणारे उन्हातले यूव्हीए किरण काचेतून आत येतात. आरशात दोन्ही गाल नीट बघ.

वैशाली: बघितले. डाव्या गालावरच्या रेषा जास्त खोल आहेत. खिडकी डावीकडेच आहे 😟

रश्मी: मग परत कसं सुरू करायचं तेही सांगा, नाहीतर पुन्हा माझंच नाव येईल.

डॉ. अनघा: ०.३ टक्के, आठवड्यातून दोन रात्री. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाला की आधी मॉइश्चरायझर, मग वाटाण्याएवढं रेटिनॉल अख्ख्या चेहऱ्याला, वर परत मॉइश्चरायझर. पापण्या, नाकपुड्या आणि ओठांचे कोपरे सोडायचे. महिनाभर त्रास झाला नाही तर एक रात्र वाढव. ॲसिड त्या रात्री नको. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, त्यांनी रेटिनॉल लावूच नये.

सुनीता (ए-३०१): जबड्याखाली लोंबतंय ते वर जाईल का?

डॉ. अनघा: नाही. तिथे त्वचेखालची चरबी आणि हाडही बदललेलं असतं, क्रीम तिथवर पोचत नाही. बारीक रेषा आणि निस्तेजपणा तीनेक महिन्यांत सुधारतो. खोल सुरकुत्या सहा महिने ते वर्षभरात थोड्या मऊ होतात, पुसल्या जात नाहीत.

वैशाली: रश्मी, ग्रुपवर बोलण्याआधी तुला फोन करायला हवा होता.

रश्मी: हो, करायला हवा होता. असो. संध्याकाळी माझं मॉइश्चरायझर देते.

कुलकर्णी काका: सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, यूव्हीएपासूनही वाचवणारं. दोन बोटांवर दोन पूर्ण रेघा, एवढं लागतं.