‘पुनर्स्थापना’ लिहिलं, तर टेक्निशियन म्हणाला, ‘ऑफिस हलवताय का?’

छापखाना: आमचं डीटीपीचं छोटं ऑफिस आहे. टेक्निशियनला मेल केला: ‘आमच्या 10 संगणकांच्या पुनर्स्थापनेसाठी अंदाजपत्रक पाठवावे.’ त्याचा फोन आला, ‘नवीन जागा कुठे घेतली?’ मला विंडोज पुन्हा टाकून हवं होतं. नेमका शब्द कोणता?

शुद्धमती: शब्द बरोबरच आहे. री म्हणजे पुनः, इन्स्टॉल म्हणजे स्थापना.

पेचकस: ताई, स्थापना गणपतीची. संगणकाची पुनर्स्थापना म्हटल्यावर टेबलं, वायरी, खोकी डोळ्यांसमोर येतात. आमच्या धंद्यात ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात.

छापखाना: मग तेच लिहू?

पेचकस: थांबा. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसणं. कागदावर तो शब्द आला की आम्ही त्याला पुसायची परवानगी समजतो. विंडोजच्या रीसेटमध्ये `Keep my files` निवडलं तर फायली राहतात, पण बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम जातात. यातलं काय हवं, हे एका शब्दात मावत नाही. ‘विंडोज नव्याने टाकणे’ लिहा आणि खाली डेटाचं वेगळं वाक्य लिहा.

टॅलीवाला: आमच्याकडे पोरानं सी ड्राइव्ह उडवला. डी सुरक्षित होता, पण टॅलीचा डेटा सी मध्येच! तुम्हाला दर किती सांगितला?

शुद्धमती: दराचा प्रश्न नाहीये इथे. आणि ‘अंदाजपत्रक’ काढून ‘निविदा’ करा, कोटेशन म्हणजे निविदाच.

पेचकस: निविदा म्हणजे जाहीर सूचना, अटी, बंद पाकीट. एकट्या माणसाला कोण निविदा मागतं? ‘दरपत्रक’ म्हणा. अंदाजपत्रक बजेटलाही म्हणतात, शिवाय त्यात ‘अंदाज’ आहे. उद्या बिल वाढलं तर तोच शब्द तुमच्या अंगावर येईल.

छापखाना: आम्ही बोलताना कोटेशनच म्हणतो. असं चालेल?

‘आमच्या ऑफिसातील 10 कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाकायचे आहे. त्याआधी प्रत्येकाच्या डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी लागेल. प्रिंटर जोडणे आणि श्रीलिपी पुन्हा टाकणे यात धरावे. प्रति मशीन दर आणि जीएसटी वेगळा दाखवून कोटेशन पाठवावे.’

पेचकस: श्रीलिपी लिहिलीत, बरं केलंत. फॉन्ट गेला की जुन्या मराठी फायली उघडतात, पण इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, फाइल बिघडवली. मशीन कोणत्या सालची, प्रोसेसर कोणता, तेही द्या. विंडोज 10 चा सर्वसाधारण सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला, आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतची बहुतेक मशीन 11 च्या यादीत बसत नाहीत. तशी निघाली तर दर सोडा, कामच बदलतं.

शुद्धमती: ‘विंडोज टाकणे’ मात्र मला अजूनही कचरा टाकल्यासारखं वाटतं. ‘बसवणे’ का नको?

पेचकस: बसवतो तो पंखा.

टॅलीवाला: आमच्याकडे ‘विंडोज मारून दे’ म्हणतात.