सल्ला हवा: सात मजली इमारतीसाठी माती परीक्षणाचे बोअर किती आणि किती खोल?

पायाभरणी
पुण्याच्या पश्चिम उपनगरात आमच्या सोसायटीचा पुनर्विकास होणार आहे. तळघर, पार्किंग आणि वर सात मजले असा आराखडा असून इमारतीचा तळ साधारण 30 बाय 22 मीटर आहे. पूर्वेच्या हद्दीवर पूर्वी नाला होता, तो बुजवला गेला. शेजारच्या खोदाईत तीन मीटरवर कातळ दिसला, म्हणून दोन बोअर पुरेत असे वास्तुविशारदांचे म्हणणे आहे. एकूण 40 मीटर ड्रिलिंगचीच तरतूद आहे. ते कसे वाटावे?

खाडीकाठचा
इमारतीच्या रुंदीच्या दीडपट खोल जावे, असा नियम आहे. 22 मीटर रुंदीला 33 मीटर झाले. आमच्या नवी मुंबईतील इमारतीखाली खाडीचा मऊ चिखल होता आणि खोल बोअर घेतले म्हणूनच पाइलची लांबी ठरवता आली. तरतूद वाढवून घ्या, यात काटकसर नको.

शेतमळा
आमच्या विहिरीच्या बोअरवाल्याने एका दिवसात 60 मीटर मारून दिले आणि पाणीही चांगले लागले. त्याच यंत्राने काम घेतल्यास तुमच्या पैशांत हवे तितके बोअर होतील.

कोअरपेटी
शेतमळा, पाण्याच्या बोअरचे यंत्र खडकाचा चुरा करून वर फेकते. इथे खडकाचा सलग नमुना, म्हणजे कोअर, हातात यायला हवा, तोही दुहेरी नळीच्या बॅरलने, कारण एकेरी नळीत ब्रेशियासारखा ठिसूळ खडक धुऊन जातो आणि खडक खराब आहे की ड्रिलिंग, हे कळत नाही.

खाडीकाठचा यांचा नियम मातीवर सगळ्या इमारतीखाली एकच सलग राफ्ट असेल तेव्हा लागू पडतो. इथे कातळावर प्रत्येक खांबाखाली सुटे फुटिंग येणार असतील, तर फुटिंगच्या रुंदीवरून खोली धरावी, आणि ती जमिनीपासून नव्हे, फुटिंगच्या तळापासून मोजावी. तळघरामुळे फुटिंगचा तळ साडेपाच मीटरवर आणि सर्वांत मोठे फुटिंग अडीच मीटर रुंद धरले, तर त्याच्या दीडपट म्हणजे पावणेचार मीटर आणखी खाली जावे लागेल. म्हणजे सव्वानऊ, साडेनऊ धरू. चार कोपऱ्यांना चार बोअर घेतले तर 38 मीटर होतात. IS 1892 या भारतीय मानकात साधारण 0.4 हेक्टरच्या आटोपशीर जागेसाठी चार कोपरे आणि मध्य असे पाच बोअर सुचवले आहेत; तुमची जागा त्याहून बरीच लहान आहे, पण नाल्यामुळे दोनवर भागवू नका.

जुना_साइटवाला
चारच घ्या, हे मीही सांगतो. मात्र कातळ लागला की थांबा, हे ऐकू नका. आमच्या साइटवर मीटरभर अखंड काळा बेसॉल्ट आला, ठेकेदाराने यंत्र काढले आणि खोदाईत तो मुरमात अडकलेला धोंडा निघाला. पुढे फुटिंगचे सगळे आकडे बदलले.

कोअरपेटी
अशा धोंड्याच्या कोअरच्या दोन्ही टोकांना बहुधा तपकिरी, कुजलेली साल दिसते, आणि यंत्र त्यातून बाहेर पडताच परतणारे पाणी एकदम तांबूस होते. म्हणून ताज्या कातळात सलग तीन मीटर तरी कोअर मिळाल्याशिवाय थांबू नये. आणखी एक. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीसारखा पट्टा सापडतो. तो उघडा पडला की पाणी पिऊन भुसभुशीत होतो. फुटिंगच्या थोडा खाली तो लागला तर ठरवलेली खोली विसरून पुढे जावे.

घरमालक_7
आमच्याकडे जेसीबीने चाचणी खड्डे घेतले आणि कातळ डोळ्यांनी पाहिला. बोअरचा खर्च हवाच कशाला?

कोअरपेटी
कातळाचा माथा दिसला, पण त्याच्या खाली काय आहे ते खड्डा सांगत नाही. भरावाची हद्द शोधायला मात्र खड्डे फार उपयोगी आहेत. पायाभरणी, माझे मत असे की एक बोअर नाल्याकडच्या कोपऱ्यात आणि एक लिफ्टच्या गाभ्यापाशी आधीच ठरवून 12 मीटर न्यावा, उरलेले दोन आठ मीटरचे असावेत.

खाडीकाठचा
आठ मीटर म्हणजे फुटिंगखाली अडीच मीटर. आपलाच हिशोब आपण मोडता.

कोअरपेटी
हो, तिथे कातळ चांगला निघाला तरच आठवर थांबायचे; नाहीतर तरतूद ओलांडावी लागेल, हे मान्य आहे.

पायाभरणी
सर्वांचे आभार. समितीशी बोललो. पूर्वेच्या हद्दीवर आधी तीन चाचणी खड्डे घेऊन भराव कुठपर्यंत आहे ते पाहणार आहोत. नंतर दहा मीटरचे तीनच बोअर घेऊ: दोन नाल्याच्या बाजूला, एक समोरच्या कोपऱ्यात. उरलेले दहा मीटर राखून ठेवत आहोत. तिन्हींतील कातळाच्या माथ्यात मीटरहून जास्त फरक दिसला तर चौथा त्यांच्या मधोमध घेऊ, नाहीतर लिफ्टपाशी. बोअर बंद करण्यापूर्वी 24 तासांनी पाण्याची पातळी मोजण्याची अटही ठेकेदाराच्या कामात घातली आहे.

जुना_साइटवाला
चौथ्यासाठी यंत्र परत आणावे लागले तर त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतील. तिसऱ्याचा कोअर बाहेर येईपर्यंत यंत्र हलवू देऊ नका.