उ: उताराचं विश्वासांतर

> करवीरच्या गुऱ्हाळातली १२ आधणं. रसाचा ब्रिक्स x, गूळ किलोत y. उतार ५.२, त्याची प्रमाणत्रुटी ०.९. विश्वासांतर ५.२ ± १.९६ × ०.९ बरोबर ना?

नाही, १.९६ इथे चालत नाही. अंतर उगाच अरुंद होतं. उतार आणि छेद दोन्ही याच आकड्यांतून काढलेत, म्हणून स्वातंत्र्यमात्रा १२ − २ = १०, आणि ९५ टक्क्यांसाठी t २.२२८. अंतर ५.२ ± २.०: ब्रिक्स एकाने वाढला की गूळ सरासरी ३.२ ते ७.२ किलो जास्त.

पण त्याआधी अवशेष अंदाजित किमतींसमोर मांडून बघाच. ठिपके उजवीकडे पंख्यासारखे पसरत गेले, तर ०.९ हीच प्रमाणत्रुटी भरवशाची नाही. कमान दिसली, तर सरळ रेषाच बसत नाही. शिवाय अवशेष आधणांच्या क्रमानेही लावा. चुलाण तापत गेल्याचा परिणाम तिथेच दिसेल.