मदत हवी आहे: इंडेम्निटी आणि गॅरंटी दोन्हींना 'हमी' लिहिलं, मसुदा परत आला

शब्दशोधक_इंदूर
मंडळी, अडकलेय. इंग्रजी करारनाम्याचं मराठी करून दिलं होतं, आज वकिलांकडून परत आलं. शेरा एका ओळीचा: 'कलम ११ मध्ये इंडेम्निटी आणि गॅरंटी एकच झाली आहे, सुधारा.' मी लिहिलंय: 'संचालक नुकसानभरपाईची हमी देतात, तसेच थकबाकीच्या परतफेडीची हमी देतात.' मला तर बरोबर वाटतंय. शेवटी दोन्हीत पैसेच भरायचे ना? फक्त दोन शब्द सुचवा. उद्या संध्याकाळी द्यायचंय, व्याख्यान नको.

पोहेजिलेबी
इंडेम्निटी म्हणजे क्षतिपूर्ती, गॅरंटी म्हणजे प्रत्याभूती. झालं काम.

कसब्याचा_पाहुणा
प्रत्याभूती?! हा कायद्याच्या हिंदी पुस्तकातला शब्द आहे. पुण्या-जळगावकडच्या माणसाला दाखवा, देवळातली विभूती समजेल.

लष्करकर (ग्वाल्हेर)
ताई, शब्द नंतर. आधी हे सांगा: करार कोणाकोणात, संचालक कोणाचा, आणि तो कोणाच्या देण्याबद्दल बोलतोय? 'संचालक हमी देतात' एवढ्यावरून कोणीच काही सांगू शकणार नाही.

शब्दशोधक_इंदूर
ते लिहायचं राहिलं का? माल देणारा पीथमपूरचा कारखाना, पंपांचे सुटे भाग. घेणारी जळगावची वितरक कंपनी, ४५ दिवसांची उधारी, मर्यादा २० लाख. संचालक वितरक कंपनीचाच, पण कलम ११ वर तो स्वतःच्या नावाने सही करतोय. मराठी त्याच्या वडिलांसाठी हवंय, ते वाचल्याशिवाय मुलाला सही करू देणार नाहीत.

सीए_होणारच
मग सोपं आहे. दोन माणसं असली की इंडेम्निटी, तीन असली की गॅरंटी. इथे कारखाना, वितरक, संचालक असे तीन आहेत, म्हणजे गॅरंटी. इंडेम्निटी शब्द वकिलाने सवयीने टाकलाय, सरळ गाळून टाका.

लष्करकर (ग्वाल्हेर)
गाळू नका हो! माणसं मोजायची ही युक्ती परीक्षेपुरती ठीक आहे. जामीनकीत तिघं लागतात हे तुमचं खरं, पण तिघं दिसले म्हणजे जामीनकीच, हे खरं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं १२४ वं कलम वाचा. वचन देणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याने होणारी हानी तिथे आहे, तशीच दुसऱ्या कोणाच्या वागण्याने होणारीही आहे. तिसरा माणूस तिथेही येऊ शकतो.
मोजायचं असेल तर माणसं नको, देणी मोजा. १२६ व्या कलमातल्या गॅरंटीत आधी एक देणं दुसऱ्याच्या डोक्यावर असतं, आणि त्याने ते फेडलं नाही तर मी फेडीन असं म्हणतात. इंडेम्निटीत असं आधीचं देणं असावंच लागत नाही. तुमच्याच करारात दुसरं उदाहरण सापडेल बघा: वितरकाने पंप चुकीचा बसवला, शेतकऱ्याने कारखान्यावर दावा लावला, तर वितरक कारखान्याची झळ भरून देईल, असं कलम असेल. तिथे कोणाचं कर्ज आहे? कोणाचंच नाही.

शब्दशोधक_इंदूर
आहे, कलम ९. तिथेही मी 'नुकसानभरपाईची हमी' लिहिलंय. पण व्यवहारात फरक काय पडतो? वडिलांना कळलं की मुलाला पैसे भरावे लागतील, बस.

अन्नपूर्णा_रोडवाली
माझा शेअरचा दाखला हरवला तेव्हा कंपनीने माझ्याकडून इंडेम्निटी बाँड घेतला होता, स्टँप पेपरवर, दोन साक्षीदार. त्याला किती रुपयांचा स्टँप लागतो आता? आणि नोटरी राजवाड्याजवळ कोण बरा आहे?

कसब्याचा_पाहुणा
मावशी, वेगळा धागा काढा.

लष्करकर (ग्वाल्हेर)
मावशींचं उदाहरण वाया नाही बरं का. त्या बाँडमध्ये मावशी काय म्हणाल्या? उद्या कोणी मूळ दाखला घेऊन आला आणि कंपनीला भुर्दंड पडला तर मी भरेन. कोणाचं कर्ज फेडायचं वचन नाही, निव्वळ इंडेम्निटी.
आता फरक. समजा वितरकाकडे १८ लाख थकले. जामीनकी असेल तर संचालकाने द्यायचे ते वितरकाचं देणं, म्हणजे १८ लाख अधिक ठरलेलं व्याज, आणि कारखान्याला आधी वितरकावर दावा करायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच ते सांगितलंय. इंडेम्निटीत मोजतात ती झालेली हानी, कोर्टाच्या खर्चासकट, आणि ती दाखवून द्यावी लागते.
खरी गोम पुढे आहे. कारखान्याने संचालकाला न विचारता वितरकाला सहा महिने वाढवून दिले. १३५ व्या कलमाने जामीनदार सुटतो, त्याने आधी संमती दिलेली नसेल तर. ते संरक्षण कायद्याने जामीनदाराला दिलंय, इंडेम्निटी देणाऱ्याला नाही. म्हणून कारखान्याचे वकील जामीनकीच्या शेजारी इंडेम्निटी ठेवतात. पहिली दोरी तुटली तर दुसरी राहावी. तुम्ही दोन्हीला 'हमी' म्हटलंत की वडिलांना एकच दोरी दिसते.

शब्दशोधक_इंदूर
ओह.

लष्करकर (ग्वाल्हेर)
एक विचारतो. इंग्रजीत त्या वाक्यात 'स्वतंत्र', 'वेगळी' अशा अर्थाचं काही आहे का?

शब्दशोधक_इंदूर
आहे. 'स्वतंत्र व वेगळी जबाबदारी म्हणून' असं होतं. मला भरतीचे शब्द वाटले, वाक्य लांबत होतं म्हणून काढले.

लष्करकर (ग्वाल्हेर)
त्याच शब्दांवर ते कलम उभं आहे. परत घाला.

सीए_होणारच
ठीक, माणसं मोजण्यात चूक झाली. पण ११ मधली इंडेम्निटीसुद्धा वितरकाने पैसे न दिल्याबद्दलच आहे ना? मग नाव काहीही द्या, ती वेष बदललेली गॅरंटीच की!

लष्करकर (ग्वाल्हेर)
हा प्रश्न चांगला आहे. कोर्ट नुसत्या नावावर जात नाही, कलमाचा गाभा बघतं. तुमचा मुद्दा उद्या संचालकाचा वकील जोरात मांडेल, कारखान्याचा वकील 'स्वतंत्र' या शब्दाकडे बोट दाखवेल. निकाल काय लागेल ते मी सांगणार नाही. पण भाषांतरकाराने तो आधीच लावून मोकळं होऊ नये. इंग्रजीत दोन जबाबदाऱ्या असतील तर मराठीतही दोनच.

रेवाकाठ
माझं मत, सगळी भानगड 'हमी' या शब्दाची आहे. आपण त्यावर फार ओझं टाकतो. मालाच्या दर्जाची हमी, पैशाची हमी, भरपाईची हमी. ताई, फाइलमध्ये 'हमी' शोधा बरं, किती वेळा येतो?

शब्दशोधक_इंदूर
शोधला. १४ वेळा. कलम ७ मध्ये मालाच्या वॉरंटीला, ९ मध्ये इंडेम्निटीला, ११ मध्ये दोन्हीला. हे मी काय केलंय!

रेवाकाठ
घाबरू नका. 'हमी' फक्त मालाच्या दर्जासाठी ठेवा, लोक तिथे तो शब्द रोज वापरतात. गॅरंटीला 'जामीनकी', देणारा 'जामीनदार'. इंडेम्निटीला 'क्षतिपूर्ती'. आणि 'नुकसानभरपाई' तिथे नकोच, करार मोडल्यावर मिळते ती निराळी गोष्ट आहे. तिलाही क्षतिपूर्ती म्हटलंत तर नवा घोळ.

पोहेजिलेबी
जामीनकी? वडिलांना वाटेल पोरगा ठाण्यातून सुटतोय.

रेवाकाठ
महाराष्ट्रात बँकेच्या कर्जाच्या कागदांवर 'जामीनदार' राजरोस छापतात. जळगावच्या माणसाला त्यात नवल नाही, आपल्यालाच हिंदीतली 'जमानत' ऐकून तसं वाटतं.

सराफ्यातला
माझे आजोबा दस्तलेखक होते. जुन्या खरेदीखतांत असायचं, 'कोणाची हिस्सेहरकत निघाल्यास तिचे निवारण मी स्वखर्चाने करून देईन, तुम्हांस तोशीस लागू देणार नाही.' ही इंडेम्निटी नाही तर काय? आपल्याकडे शब्द असताना क्षतिपूर्ती कशाला?

कसब्याचा_पाहुणा
'तोशीस' २०२० नंतर जन्मलेल्यांना कळेल का?

सराफ्यातला
वाचणार वडील आहेत हो, २०२० नंतर जन्मलेलं बाळ नाही.

लष्करकर (ग्वाल्हेर)
हसण्यावारी नेऊ नका, यात कायद्याचा मुद्दा आहे. 'क्षतिपूर्ती करीन' म्हटलं की आधी क्षती होऊ द्या, मग भरतो, असा अर्थ निघतो. इंग्रजीत बहुतेक दोन क्रियापदं असतात, भरून देणं आणि झळ पोहोचू न देणं. मुंबई उच्च न्यायालयाने १९४२ मध्ये मान्य केलंय की जबाबदारी पक्की झाली असेल तर खिशातून पैसे जायच्या आधीही इंडेम्निटी मागता येते. 'तोशीस लागू देणार नाही' मध्ये ती दुसरी बाजू येते. दोन्ही ठेवा.

शब्दशोधक_इंदूर
आत्ता हे लिहिलंय:
'११.१ वितरकाने कारखान्याचे देणे मुदतीत चुकवल्यास ते देणे जामीनदार या नात्याने संचालक देतील.
११.२ याखेरीज, वरील जामीनकीवर अवलंबून नसलेली स्वतंत्र व वेगळी जबाबदारी म्हणून, वितरकाच्या कसुरीमुळे कारखान्यास जी हानी पोहोचेल किंवा जो खर्च सोसावा लागेल त्याची क्षतिपूर्ती संचालक करतील व कारखान्यास तोशीस लागू देणार नाहीत.'

रेवाकाठ
११.२ छान. ११.१ मध्ये 'चुकवल्यास' म्हणजे काय म्हणायचंय?

शब्दशोधक_इंदूर
दिलं नाही तर. कर चुकवणे म्हणतात ना, तसं.

रेवाकाठ
जळगावला तेच वाचतील. पण करार पीथमपुरातही वाचला जाणार, आणि हिंदीत 'कर चुकाना' म्हणजे कर भरणं! कारखान्याचा मुनीम वाचेल की वितरकाने देणं दिलं तर संचालकही देतील. 'मुदतीत न फेडल्यास' लिहा.

पोहेजिलेबी
भिया, हे भारी होतं.

कसब्याचा_पाहुणा
मी म्हणतो एवढा जीव का काढायचा? शेवटी लिहा, 'मतभेद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य.' मराठी मग कसंही असो.

लष्करकर (ग्वाल्हेर)
ती ओळ कारखान्याला वाचवेल, वडिलांना नाही. त्यांनी मराठी वाचून होकार द्यायचा आणि बांधील इंग्रजीला राहायचं. ओळ घाला, पण ती आहे म्हणून ढिलाई नको.

शब्दशोधक_इंदूर
'मुदतीत न फेडल्यास' केलं. ९ मध्येही क्षतिपूर्ती केली, ७ मध्ये हमी तशीच. आता वकिलांचा निरोप आलाय: 'तोशीस काढा, ग्रामीण वाटतं.' काढू?

सराफ्यातला
अजिबात नाही!

लष्करकर (ग्वाल्हेर)
त्यांना विचारा, शब्द नको की ती बाजूच नको. शब्दच नको असेल तर 'झळ पोहोचू देणार नाहीत' चालेल. बाजूच नको असेल तर ते इंग्रजीही बदलताहेत, आणि ते त्यांनी लेखी सांगावं.

अन्नपूर्णा_रोडवाली
स्टँपचं कोणी सांगितलंच नाही.